कथा: तीळ (आणि शेवटाबद्दल एक अडचण)

ओलीशाई

नमस्कार मंडळी. वर्षभराने काहीतरी लिहून झालंय. कथा लहान आहे, पूर्ण खाली देते. पण ती जिथे संपते तिथे मीच अडकले आहे, म्हणून ललितमध्ये न टाकता इथे चर्चेला ठेवते. आधी वाचा, मग अडचण सांगते.

---

फोटो कपाटात अंथरलेल्या कागदाखाली सापडला. तो तिथे कुणी ठेवला हे आजीला आठवेना. पोस्टकार्डाएवढा फोटो, एक कोपरा तुटलेला, सगळा गुलाबीसर झालेला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली एक मुलगी. केस दिसत होते, भुवया दिसत होत्या, डोळे तर अगदी टवटवीत. हनुवटीच्या जरा वर काळाभोर तीळ. बाकी चेहरा म्हणजे धुकं. नाक कुठे सुरू होतं आणि गाल कुठे संपतो, काही कळत नव्हतं.

नातीने ठरवलं, हिचं कार्टून काढायचं.

पहिल्या दिवशी जमलं नाही. ओळखपत्रावर असतो तसा चेहरा आला, बरोबर आणि मेलेला. दुसऱ्या दिवशी तिने डोळे मोठे केले, मान लांबवली. तिसऱ्या दिवशी तिळाला हात घातला. तीळ एवढा मोठा केला की आधी तीळ दिसावा आणि मग त्याच्यामागून मुलगी यावी. नाक फोटोत नव्हतंच, ते तिने मनाने दिलं. रात्री कागद टेबलावर उभा करून ती लांब जाऊन बसली. कागदातली मुलगी आता काहीतरी खोडी काढणार, असं वाटत होतं. जमलं.

सकाळी आजीने कागद हातभर लांब धरला, मग जवळ घेतला, मग पुन्हा लांब.

“छान आहे. कोण गं ही?”

“तूच की!”

आजी बराच वेळ बघत राहिली. मग तिने तिळावर बोट ठेवलं.

“मला तीळ नव्हता.”

“अगं फोटोत आहे ना!”

“फोटोत असेल. मला नव्हता.” आजीचे डोळे भरून आले. तिने नातीला जवळ ओढलं आणि म्हणाली, “पण असता तर बरं झालं असतं. चांगला दिसतोय.”

---

संपली. आता अडचण. मी दोन मैत्रिणींना वाचायला दिली. एक म्हणाली, “म्हणजे फोटो दुसऱ्याच कुणाचा आहे ना? सवतीचा?” दुसरी म्हणाली, “तीळ आला कुठून ते तुलाच माहीत नाहीये, आणि ते वाचताना कळतं.” दुसरी बरोबर आहे. तीळ मला सुचला, मी लिहिला. जिला तीळ कधीच नव्हता तिच्या फोटोत तो दिसू शकतो का? काही खरं कारण असू शकतं, की तीळ काढूनच टाकू?

सहजच

आवडली. “बरोबर आणि मेलेला” खास. शेवट मात्र मलाही गोड झाला. पुलेशु.

अर्धा_तास

सोपं आहे. आजीला तीळ होता, पण दुसऱ्या बाजूला. आपण स्वतःचा चेहरा जन्मभर आरशात बघतो, म्हणजे उलटा. फोटोत तो सुलटा येतो. म्हणून तर फोटोतले आपण आपल्याला आवडत नाही आणि मित्रांना आवडतो. १९७७ साली यावर प्रयोग झाला होता: लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा केलेला फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना सुलटा. आजीला कार्टून उलटं करून दाखवा, लगेच ओळखेल.

ओलीशाई

@अर्धा_तास, प्रयोग मस्त आहे, पण आजी म्हणते तीळ *नव्हता*. कुठल्याच बाजूला नव्हता.

अर्धा_तास

मग निगेटिव्ह उलटी लावून छापली असेल.

टवाळ

निगेटिव्ह उलटी लावली की तीळ उगवतो? मग टक्कल पडलेल्यांनी काय घोडं मारलंय!

आईची_लेक

कथा वाचून रडायला आलं. माझी आई शेवटची दोन वर्षं आरशातल्या स्वतःला ओळखत नव्हती. “त्या बाईंना बसायला सांग,” म्हणायची. तरुणपणीचा फोटो दाखवला की मात्र स्वतःचं नाव घ्यायची. तुमच्या आजींनाही विस्मरण सुरू झालं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, वेळ घालवू नका.

ओलीशाई

@आईची_लेक, “त्या बाईंना बसायला सांग” वाचून पुढचं काही सुचलं नाही. ही कथा आहे हो, माझी आजी नाही. आणि कथेतली आजी अगदी शुद्धीवर आहे. तिचंच बरोबर आहे, फक्त ते का बरोबर आहे हे मला सापडत नाहीये.

पिवळा_कागद

इकडे सहसा फक्त वाचतो, पण हा प्रश्न माझ्या धंद्यातला निघाला. बावीस वर्षं जुने फोटो दुरुस्त करतोय, त्याआधी डार्करूममध्ये होतो. तुमच्या तिळाला खरं कारण आहे. तुम्ही नकळत बरोबर लिहून बसला आहात.

आधी एक चूक. फोटो गुलाबीसर झाला असं लिहिलंय. आजी आज ऐंशीच्या आसपास असेल तर तरुणपणीचा स्टुडिओतला फोटो १९६०च्या दशकातला, म्हणजे बहुधा कृष्णधवल. तो गुलाबी होत नाही. गुलाबी होतात ते नंतरचे रंगीत प्रिंट, अल्बमात अंधारात पडून राहिलेले, कारण त्यांतला निळसर रंग आधी जातो. कृष्णधवल फोटो पिवळट-तपकिरी होतो.

पुढचं मात्र चोख उतरलंय: डोळे, केस, भुवया शाबूत आणि नाक-गाल धुक्यात. हे असंच होतं. त्या कागदावर चित्र म्हणजे चांदीचे बारीक कण. केसांच्या काळ्या भागात चांदी जाड थराने असते, उजळ गालावर अगदी विरळ. फोटो धुताना हायपो हे चित्र पक्कं करणारं रसायन नीट निघालं नसेल, किंवा दमट हवेत वर्षं काढली असतील, तर ती चांदी हळूहळू खाल्ली जाते. जिथे मुळात थोडीच होती तिथलं चित्र आधी पुसतं. नाकाची कड, गालाची गोलाई, ओठांची वरची रेघ, सगळं उजळ भागातलं.

आता तीळ. निगेटिव्हवर धुळीचा एक कण बसला तर तेवढ्या जागी प्रकाश अडतो आणि प्रिंटवर पांढरा ठिपका येतो. हे रोजचं होतं, त्यात कुणाची फारशी चूक नसे. मग गिऱ्हाइकाला देण्याआधी कुणीतरी बारीक ब्रश घेऊन बसायचा आणि काळ्या-करड्या रंगाने तो ठिपका भरायचा. आजूबाजूच्या गालाशी रंग जुळला की झालं, कुणाला पत्ता लागत नसे. पण तो रंग म्हणजे चांदी नव्हे. साठ वर्षांत आजूबाजूची चांदी उडून जाते आणि ब्रशने लावलेला करडा ठिपका आहे तसाच राहतो. जो ठिपका लपवायला लावला होता तोच आता चेहऱ्यावर उठून दिसतो. तुमच्या नातीला तोच तीळ वाटला.

ओलीशाई

मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारून आले. हे खरं आहे? म्हणजे चेहरा जातो आणि डाग लपवायला लावलेला रंग उरतो?

पिवळा_कागद

अगदी. एक उदाहरण सांगतो, नावगाव वगळून. एक कुटुंब आजीचा मोठा फोटो घेऊन आलं. कपाळावर तीन काळसर ठिपके. घरात दोन तट: एक म्हणे देवीचे व्रण, ते ठेवायचेच, आजीची ओळख आहे ती. दुसरा म्हणे काढा. मला म्हणाले, तुम्ही ठरवा.

मी प्रिंट खिडकीपाशी नेऊन तिरका धरला. कागदाला एकसारखी चकाकी होती आणि त्या तीन जागी ती मोडत होती, कोरड्या शाईसारखा मंदपणा. दहापट भिंगाखाली ठिपके चित्राच्या आत नव्हते, वर बसलेले होते, आणि एकाची कड ब्रशच्या टोकासारखी निमुळती. मग स्कॅन केला आणि लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल वेगळे बघितले. फिक्या पडलेल्या चांदीचा रंग पिवळट, त्यामुळे लाल चॅनलमध्ये तो चेहरा जवळपास नाहीसा होतो आणि निळ्यात सगळ्यात जास्त दिसतो. हे तीन ठिपके मात्र तिन्हींत सारखेच काळे. म्हणजे ते चांदीचे नव्हतेच. खरे व्रण असते तर तेही कपाळाबरोबर पिवळे पडून फिके झाले असते.

घरी करायची साधी परीक्षा: फोटोतला तीळ डोळ्याच्या बाहुलीपेक्षा काळा दिसत असेल तर संशय घ्या. बाहुलीत चांदी भरपूर असते, आणि गालावरचा तीळ तिच्यापेक्षा चांगला टिकायला काही कारण नाही.

टवाळ

आमच्या पणजोबांना फोटोत एकाच बाजूला मिशी आहे. आम्ही समजत होतो मोठा विक्षिप्त माणूस. मग कळलं दुसरी बाजू कसरीने खाल्ली.

पिवळा_कागद

@टवाळ हसू नका. कसरीला तो जिलेटिनचा थर आवडतो. पणजोबा निर्दोष.

आणि उलटही घडायचं. ज्यांना खरोखर तीळ होता त्यांचा तो निगेटिव्हवरच पेन्सिलीने भरून टाकायचे. निगेटिव्हवर तीळ हा पारदर्शक ठिपका असतो, त्यावर शिसं घासलं की प्रिंटवर तिथे कातडी उजळ येते. सुरकुत्याही तशाच जायच्या. म्हणजे होता त्यांचा गेला आणि नव्हता त्यांना आला.

सहजच

शेवटचं वाक्य कथेत ढापा. @ओलीशाई

खडूस_वाचक

कृपया ढापू नका.

माहिती उत्तम आहे, वाद नाही. पण आता काय होणार ते दिसतंय. पुढच्या खर्ड्यात नात भिंग घेऊन येईल, आजीला हायपो समजावून सांगेल आणि कथेत मास्तर शिरेल. तीळ कुठून आला हे *लेखिकेला* माहीत हवं. वाचकाला सांगायलाच हवं असं नाही. “फोटोत असेल. मला नव्हता.” इथे कथा संपली होती. त्यापुढचं मिठी, डोळे भरणं, “असता तर बरं झालं असतं” हे सगळं लेखिकेला थांबायची भीती वाटल्यामुळे आलंय.

अर्धा_तास

खडूसशी सहमत नाही. वाचकाला नाही सांगितलं तर सवतच वाटणार.

फाटकी_निब

धागा आवडला. मी चेहरेच काढतो, तेही जास्त करून जुन्या फोटोंवरून, तेव्हा माझी एक पिंक.

अवांतर: नातीने काढलंय ते अर्कचित्र. कार्टून म्हटलंत तरी चालेल, आजीला फरक पडत नाही.

मुद्दा असा की सगळे तिळामागे लागलेत आणि कथेतली सगळ्यात भारी गोष्ट एका वाक्यात निसटली आहे: “नाक फोटोत नव्हतंच, ते तिने मनाने दिलं.” थांबा ना तिथे! अर्कचित्रात आपण चेहऱ्यातलं काय वेगळं आहे ते ताणतो. वेगळं कशापेक्षा? डोक्यात एक सरासरी चेहरा असतो, त्याच्यापेक्षा. १९८५ साली सुझन ब्रेनन हिने संगणकाकडून हेच करून घेतलं होतं: सरासरी चेहरा घ्यायचा, माणसाच्या चेहऱ्यातला प्रत्येक बिंदू त्याच्यापासून जितका दूर असेल तितका आणखी दूर ढकलायचा. हाताने काढणारा हेच अंदाजाने करतो. पण बिंदूच दिसत नसेल तर ढकलणार काय? तेव्हा हात ओळखीच्या चेहऱ्याकडे वळतो. आणि चित्र काढणाऱ्याला सगळ्यात ओळखीचा चेहरा कुणाचा? रोज आरशात दिसतो त्याचा. शिकाऊ मुलांची चित्रं बघा, निम्म्यांत त्यांचं स्वतःचं नाक सापडेल.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. एका मित्राच्या आईचा असाच उडालेला फोटो होता. काढून दिलं. मित्र म्हणाला, झकास. त्याची बायको म्हणाली, “यात तुम्ही दिसताय.” तिला हसू आवरेना. घरी येऊन आरशासमोर धरलं, तर नाकपुड्या माझ्याच.

ओलीशाई

@फाटकी_निब, मग अशा फोटोत नाक काढायचं कसं? नातीने काय करायला हवं होतं?

फाटकी_निब

सगळं नाक जात नाही. नाकपुड्यांचे काळे ठिपके आणि नाकाखालची सावली बहुतेक वेळा टिकते, खालच्या ओठाखालची सावलीही. पिवळा_कागद म्हणाले तेच: काळं टिकतं, उजळ जातं. म्हणजे नाक कुठे *संपतं* ते सापडतं, दोन नाकपुड्यांमधलं अंतर सापडतं. भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत किती आणि तिथून हनुवटीपर्यंत किती, एवढी दोन मापं मिळाली की लांबी पक्की. न सापडणारी गोष्ट म्हणजे नाकाचा दांडा, सरळ की उंचवट्याचा, रुंद की धारदार. समोरून काढलेल्या फोटोत तो फक्त एका बाजूच्या फिक्या सावलीवर कळतो आणि तीच उडालेली असते. तो अंदाज.

आजच्या आजीकडे बघून भरता येईल का? अर्धंमुर्धं. दोन डोळ्यांतलं अंतर तेच राहतं, ते बिनधास्त घ्या. पण वयाबरोबर नाकाचं टोक खाली उतरतं, कान लांबतात, ओठ पातळ होतात. आजच्या आजीचं नाक वीस वर्षांच्या चेहऱ्याला लावलं तर ती मुलगी नाही, आजीच डोकावते. तुमच्या नातीने हेही केलं नसेल. तिने स्वतःचं लावलं.

आता सांगा, आजीला बसायला हवा तो धक्का तिळाचा की नाकाचा?

पिवळा_कागद

नाकपुड्यांबद्दल +१. भर एवढीच की स्कॅन केल्यावर निळा चॅनल एकटा घेऊन त्याचा कॉन्ट्रास्ट ताणला तर दांड्याची सावली कधी कधी थोडी वर येते. डाग आणि खरखरही तितकीच वर येते, त्यामुळे जे दिसतं ते सावली की कागदावरचा डाग हे शपथेवर सांगता येत नाही. पुष्कळदा मीही नाक “दिलं” आहे. गिऱ्हाईक खूश झालं की मी गप्प बसतो.

सहजच

“गिऱ्हाईक खूश झालं की मी गप्प बसतो.” घ्या, ही वेगळीच कथा झाली.

आईची_लेक

@पिवळा_कागद तुम्ही यातले आहात म्हणून विचारते, धाग्याचा विषय नाही, माफ करा. आईबाबांचा एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. ओला करून सुटेल का? की ब्लेडने?

पिवळा_कागद

दोन्ही नको! ब्लेड तर अजिबात नको. दमटपणामुळे तो जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरून बसलाय. ओढलात तर चित्र काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. पाण्याने कधी सुटतो, कधी थरच विरघळल्यासारखा होतो, आणि आधी सांगता येत नाही. आहे तसा काचेसकट ठेवा, मागचा पुठ्ठा ओलसर असेल तर फक्त तो बदला. काच बाहेरून पुसून काचेतूनच स्कॅन करा, ६०० डीपीआयला. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात सरळ समोरून मोबाइलने काढा, फ्लॅश बंद. एकदा नक्कल हाती आली की मग घाई नाही.

अर्धा_तास

उलटी निगेटिव्ह ही शक्यता कुणी खोडली नाही, हे नोंदवून ठेवतो.

पिवळा_कागद

खोडत नाही. व्हायचं तसं. शर्टाची बटणं किंवा मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसली की कळतं. तुमच्या आरशाच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो आवडण्या-न आवडण्याचा आहे, ओळखण्याचा नाही. आणि त्याने तीळ बाजू बदलेल, उगवणार नाही.

टवाळ

टक्कलवाल्यांची शेवटची आशा मावळली.

ओलीशाई

चार दिवस गप्प होते कारण लिहीत होते. @खडूस_वाचक, मास्तर येऊ दिलेला नाही, बघा पटतंय का. @पिवळा_कागद, एक विचारायचं आहे. तो ब्रश घेऊन बसणारा माणूस कसा बसायचा? नेमकं काय करायचा?

पिवळा_कागद

आमच्याकडे एक गृहस्थ होते, मी लागलो तेव्हा साठीचे. टेबलाला तिरकी फळी, डावीकडे खिडकी, एका डोळ्याला भिंग. ब्रश अगदी बारीक, दोन-चार केसांचं टोक उरलेला. ते टोक ओठांत धरून निमुळतं करायचे, रंग बशीच्या कडेला जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचे आणि मग टेकवायचे. ओढायचं नाही, फक्त टेकवायचं, एका ठिपक्यात दहा-बारा बारीक टिंबं. श्वास रोखून. जास्त ओला ब्रश लागला तर भोवती कडं उमटतं आणि प्रिंट वाया. एका चेहऱ्याला कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. संध्याकाळी त्यांचे ओठ करडे झालेले असायचे.

ओलीशाई

हेच हवं होतं. रात्री पुन्हा बसले. नवा शेवट:

---

“मला तीळ नव्हता.”

“अगं फोटोत आहे ना!” नातीने फोटो पुढे केला. आजीने तो डोळ्यांजवळ नेला, मग खिडकीकडे वळून उजेडात तिरका धरला.

“इथे पांढरा ठिपका आला होता,” ती म्हणाली. “बाबांनी फोटो परत केला. म्हणाले, मुलीच्या तोंडावर कोड उठल्यासारखं दिसतंय. मग त्याने आम्हाला तिथेच थांबवलं.”

“कुणी?”

“फोटोवाल्याने. ब्रश असा ओठांत धरला. मग माझ्या तोंडावर वाकला तो वाकलाच. मी समोर बाकावर बसलेली. बाबा पेपर वाचत होते. तो श्वाससुद्धा घेत नव्हता.” आजीने फोटो खाली ठेवला. “मला कळेना बघायचं कुठे.”

नातीने खोडरबर उचलला. “काढून टाकू?”

आजीने कागद स्वतःकडे ओढून घेतला. बराच वेळ बघत होती, पण तिळाकडे नाही.

“नाक तुझं आहे,” ती म्हणाली.

---

सहजच

“मला कळेना बघायचं कुठे.” बास. उभं राहून टाळ्या.

फाटकी_निब

नाक आलं! धन्यवाद. आणि खोडायचं की नाही ते सांगितलं नाहीत, तेही बरं केलंत.

खडूस_वाचक

मिठी गेली, आनंद आहे. मास्तरही आला नाही, शब्द मागे घेतो. पण मला आता दोन शेवट दिसतात. फोटोवाल्यावर संपली तर ती आजीची कथा होते, नाकावर संपली तर नातीची. मी असतो तर नाक वर नेलं असतं, “कोण गं ही?” च्या आधी, आणि बाकावर संपवलं असतं.

ओलीशाई

@खडूस_वाचक, पण मग आजी नाक बघून लगेच “ही तूच की” म्हणेल आणि तिळापर्यंत जाणारच नाही. नाक शेवटी दिसलं पाहिजे, कारण आधी तिची नजर तिळाने अडवलेली आहे.

खडूस_वाचक

हं. तरीही बाक.

अर्धा_तास

मला जुनाच शेवट आवडला होता. “असता तर बरं झालं असतं” मध्ये आजी होती. या नव्या आजीला फोटोवाला आवडला होता का, हेच डोक्यात राहिलं.

ओलीशाई

@अर्धा_तास, ते मलाही माहीत नाही. या वेळी चालेल ना?

पिवळा_कागद

एकच दुरुस्ती. बाबांनी फोटो परत केला म्हणजे ठिपका बऱ्यापैकी मोठा होता, धुळीच्या कणाचा नाही. निगेटिव्ह धुताना हवेचा बुडबुडा चिकटून राहिला तर तेवढी जागा पारदर्शक राहते आणि प्रिंटवर *काळा* गोल येतो, तेव्हा बुडबुडा नको. छपाईच्या वेळी निगेटिव्हवर धागा किंवा कपचा राहिला असं धरा. कथेत लिहू नका, फक्त मनात ठेवा. आणि गुलाबी अजून तसंच आहे, तेवढं पिवळट करा.

ओलीशाई

केलं. पिवळट.

आईची_लेक

काचेतून मोबाइलने फोटो काढला, छान आला, खूप आभार. मोठा करून बघितला तर आईच्या गालावर एक ठिपका आहे. आम्ही सगळे तो तीळच समजतो, माझ्या मुलीला त्याच जागी आहे म्हणून कौतुकही करतो. आईला खरंच तीळ होता का ते मला आठवत नाहीये. शेवटची दोन वर्षं रोज तोंड पुसायचे मी तिचं. फोटो तिरका धरून बघितला, पण काच चकाकते, काही कळत नाही.

पिवळा_कागद

बाहुलीपेक्षा काळा आहे का?

आईची_लेक

आई हसतेय त्यात. डोळे मिटलेत.